निरवानिरवीचं पत्र

(आमच्या गटाच्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता-शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडंफार गाळलं आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय काल फळ्यावर लिहिला तेव्हाच दोघी-तिघी म्हणाल्या, "सकाळी सकाळी मरणाचं काय काढलंस?" चहा झाल्यावर बोलते म्हटलं. आता चहा झालाय.

मृत्युपत्राबद्दल आपण गेली अनेक वर्षं बोलतोय. शिबिरं घेतली, वकील मैत्रिणींना बोलावलं, नमुने वाटले. आज मी त्याच्या शेजारी ठेवायच्या एका कागदाबद्दल बोलणार आहे. आपल्यामागे आपल्या देहाचं काय करावं, आपल्या लहानसहान वस्तू कोणाकडे जाव्यात, कोणाला काय सांगायचं राहिलंय, हे सगळं लिहून ठेवायचं साधं पत्र. त्याला नाव काय द्यायचं यावर आम्ही बराच घोळ घातला. 'इच्छापत्र' म्हणावं तर आपल्याकडे मृत्युपत्रालाच इच्छापत्र म्हणतात, आणि या दोन कागदांची गल्लत होता कामा नये, हेच तर मला आज सांगायचंय. शेवटी आमच्या गटातल्या आक्का म्हणाल्या, "निरवानिरव म्हणा की." म्हणून हे निरवानिरवीचं पत्र. आक्कांबद्दल पुढे बोलेनच.

आधी ताईंचं सांगते. तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना त्या माहीत आहेत, नाव घेत नाही. शाळेत शिक्षिका होत्या. नवऱ्याने लग्नानंतर चार वर्षांत टाकलं, पण घटस्फोट कधी झाला नाही. पुढची तीसेक वर्षं त्या एकट्या राहिल्या, एक खोली-स्वयंपाकघर स्वतःच्या पैशाने घेतलं. मंगळसूत्र त्यांनी पहिल्याच वर्षी काढून ठेवलं होतं. कुंकू लावत नसत. हळदीकुंकवाला कोणी बोलावलं तर जात, पण कपाळ पुढे करत नसत. आमच्यात मृत्युपत्र सर्वांत आधी कोणी केलं असेल तर ताईंनी. अगदी शिस्तशीर, दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला, नोंदणीसुद्धा. आणि त्याच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की माझे डोळे दान करावेत, मला विद्युतदाहिनीत न्यावं, कोणताही विधी करू नये, गटातल्या मैत्रिणींनी खांदा द्यावा, मला कुंकू लावू नये.

मृत्युपत्र कुठे होतं? बँकेच्या लॉकरमध्ये.

ताई शुक्रवारी रात्री हॉस्पिटलमध्ये गेल्या. शनिवारी सकाळपर्यंत भाऊ-भावजय आले, नात्यातल्या कोणीतरी नवऱ्याकडे फोन केला, तिकडून त्याचा पुतण्या आला. नवरा जिवंत म्हणजे ताई सवाष्ण. मग सवाष्णीचं सगळं झालं. हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट, ओटी, आणि भावजयीने स्वतःच्या पर्समधून काढून काळे मणी बांधले. आमच्या चौघी तिथे उभ्या होत्या. त्या म्हणत होत्या, ताईंना हे नको होतं. भाऊ विचारत होते, "कुठे लिहिलंय?" हातात दाखवायला काहीच नव्हतं. टिटवं पुतण्याने धरलं. अकरा वाजेपर्यंत सगळं आटोपलं. मी परगावाहून दुपारी पोचले.

लॉकर उघडला अठराव्या दिवशी. मृत्युपत्राप्रमाणे घर भाचीला मिळालं, त्यात कोणालाही खोडा घालता आला नाही. पण शेवटचं पान वाचून भाची माझ्याकडे बघत राहिली. त्या अठरा दिवसांत घर आवरताना भावजयीने ताईंच्या वह्या रद्दीत घातल्या होत्या. बावीस-तेवीस वह्या असतील. वाईट हेतूने नाही. "जुनी वह्यापुस्तकं होती," एवढंच त्या म्हणाल्या.

मला भावाचा किंवा भावजयीचा राग येत नाही, म्हणजे आता येत नाही. त्यांना जे योग्य वाटतं ते त्यांनी केलं, कारण दुसरं काही करा असं सांगणारा कागद त्या सकाळी त्यांच्यासमोर नव्हता. ताईंनी लिहिलं सगळं, पण जो कागद मरणानंतर पंधरा दिवसांनी उघडायचा असतो, त्यात पहिल्या सहा तासांच्या गोष्टी लिहिल्या. डोळ्यांचंच बघा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीच्या माणसांनी येऊन डोळ्यांतलं बुबुळाचं पारदर्शक पटल घ्यावं लागतं. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. हे त्या क्षणी घरातल्या कोणाला तरी ठाऊक असावं लागतं आणि नेत्रपेढीचा फोन नंबरही हाताशी असावा लागतो.

आता दुसरी बाजू. मृतदेह ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता नाही. घर, सोनं, पैसे आपण मृत्युपत्राने कोणाला तरी देऊ शकतो, देह तसा देता येत नाही. त्यामुळे अंत्यविधीच्या इच्छा मृत्युपत्रात लिहा की साध्या कागदावर लिहा, त्या इच्छाच राहतात. देहदानाचा अर्ज भरला असला, तरी प्रत्यक्षात त्या वेळी मेडिकल कॉलेजला कळवणारी आणि संमती देणारी नातेवाईक मंडळी लागतात. ती नाही म्हणाली तर कॉलेज भांडायला येत नाही. म्हणून मी म्हणते की निरवानिरवीच्या पत्राचं बळ सही-शिक्क्यात नसतं. ते कोणाच्या हातात आहे आणि किती वाजता आहे, यात असतं.

इथे मला जोतीराव-सावित्रीबाईंची आठवण होते. जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 ला गेले. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, त्यामुळे दहन करावं लागलं. मग टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, कारण यशवंत दत्तक. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि त्या पुढे चालल्या. आपण हा प्रसंग सावित्रीबाईंच्या धैर्यासाठी नेहमी सांगतो, सांगायलाच हवा. पण आजच्या विषयाच्या बाजूने बघितलं तर त्यात दोन गोष्टी दिसतात. एक इच्छा नियमात बसत नव्हती, ती गेली. आणि बाकीचं निभावलं, कारण त्या सकाळी तिथे ठामपणे उभं राहणारं माणूस होतं. आपलं पत्र लिहिताना या दोन्हींची सोय करायची. प्रत्येक इच्छेपुढे 'हे जमलं नाही तर काय' ते लिहायचं, आणि त्या सकाळी उभी राहणारी कोण, तिचं नाव लिहायचं.

देहदानाला हे फार लागू आहे. ज्या देहाचं शवविच्छेदन झालंय तो मेडिकल कॉलेज सहसा घेत नाही. अपघात झाला, पोलीस केस झाली, काही संसर्गजन्य आजार असला, तर देहदान होत नाही. मग घरची माणसं गोंधळतात आणि भटजींना फोन जातो. म्हणून देहदान लिहिलंत तर खालच्याच ओळीत लिहा: 'ते न झाल्यास विद्युतदाहिनी, विधी नको.' किंवा जे तुम्हाला हवं असेल ते. विधी हवे असतील तर तेही लिहा. आमच्या गटात एक समज आहे की कार्यकर्तीने विधी नकोच म्हणायला पाहिजेत. तसं काही नाही. एका मैत्रिणीने लिहिलंय, "माझ्या आईचं जसं झालं तसंच करा, फक्त अग्नी लेकीने द्यावा." छान आहे की.

आता गल्लतीबद्दल बोलते.

ताईंनी पत्राचा मजकूर मृत्युपत्रात घातला, तसं काही जणी मृत्युपत्राचं काम पत्रात उरकतात, आणि ते जास्त महागात पडतं. "मी सगळं लिहून ठेवलंय, घर कोणाला ते पण," असं म्हणतात आणि बघावं तर वहीच्या पानावर लिहिलेलं, खाली सही, साक्षीदार कोणीच नाहीत. मृत्युपत्रासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. त्या नसतील तर त्या पानाला मृत्युपत्र म्हणून किंमत नाही, आणि मग मालमत्ता वारसा कायद्याने जाते.

वारसा कायद्याने म्हणजे कशी? हिंदू वारसा कायदा 1956 चा, तो बौद्ध, जैन, शीख बायकांनाही लागू आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे बाई मृत्युपत्राशिवाय गेली आणि तिला मूल नाही, नवराही आधीच गेलेला, तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. आई-वडिलांकडून वारशाने आलेलं असेल तर ते वडिलांच्या वारसांकडे परत जातं, पण स्वकष्टाचं तसं नाही. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल आठवत असेल. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घालवून दिलं, माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी केली, पैसे साठवले. मृत्युपत्र न करता 1996 मध्ये ती गेली. आई हक्क सांगायला उभी राहिली. पैसे मिळाले नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कायदा असा आहे म्हणाले. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या कलमाच्या संदर्भात बायकांना मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. तेव्हा घर, सोनं, ठेवी, जमीन ही मृत्युपत्रातच. मुस्लिम मैत्रिणींसाठी मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत, वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही, त्यांनी वकील मैत्रिणींशी स्वतंत्र बोलावं. निरवानिरवीचं पत्र मात्र कोणत्याही धर्माच्या बाईने लिहावं, त्याला कायदा आडवा येत नाही.

याच्या उलटाही घोटाळा होतो. एका मैत्रिणीने मृत्युपत्र केलं, आणि दोन वर्षांनी पत्र लिहिलं. पत्र पक्कं व्हावं म्हणून शेजारच्या दोघींच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. त्यात लिहिलं, "माझ्या बांगड्या धाकट्या सुनेला द्याव्यात." मृत्युपत्रात दागिने दोघी सुनांना समान होते. आता दोन साक्षीदारांसमोर सही केलेला, नंतरच्या तारखेचा, वस्तू देणारा हा कागद काय आहे? मृत्युपत्रच आहे असं धाकटी म्हणू शकते. सुदैवाने ती बाई हयात आहे, आम्ही तो कागद फाडायला लावला. म्हणून पत्राला साक्षीदार घेऊ नका. तारीख घाला, सही करा, आणि पहिल्या ओळीत लिहा की हे माझं मृत्युपत्र नाही, ते अमुक तारखेचं आहे आणि अमुक ठिकाणी आहे, हे पत्र फक्त माझ्या इच्छा सांगण्यासाठी आहे. नवीन पत्र लिहिलं की जुन्याच्या सगळ्या प्रती मागवून फाडायच्या. हे मृत्युपत्रापेक्षा सोपं आहे, दर दिवाळीला बदललं तरी हरकत नाही.

आता आक्का. आक्का मंडईबाहेर भाजी विकायच्या, वय सत्तरच्या पुढे. विधवा. दोन मुलगे, एक मुलगी, मुलगी नवऱ्याला सोडून परत आलेली. आक्कांना सही येते, लिहिता येत नाही. तीन दुपारी बसून त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या हातून थोडी भाषा सुधारली गेली होती तर त्यांनी ती परत बिघडवून घेतली. बरोबरच होतं. लेकरांना ते पत्र आक्कांचं वाटायला हवं, माझं नाही. वाचताना फोनवर आवाजही मुद्रित करून ठेवला, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईंनी लिहून घेतलं.

पहिल्या दुपारी आक्का म्हणाल्या, "माझं काय, दोन भांडी आणि एक पोत." मग एकेक आठवत गेलं. आम्ही जमिनीवर खडूने रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला ज्याचे पैसे होतात ते, दुसऱ्या बाजूला ज्याचे होत नाहीत ते. दोन तोळ्यांची पोत, पोस्टातले पैसे, वस्तीतल्या खोलीचे कागद हे एका बाजूला. ते मृत्युपत्रात गेलं, त्यासाठी वकील मैत्रीण आली. दुसऱ्या बाजूला पाटा-वरवंटा, सासूने दिलेलं तांब्याचं घंगाळ, दोन नऊवारी, नवऱ्याचा फोटो, आणि भाजीची तागडी वजनांसकट. तांब्याचं घंगाळ कुठे टाकायचं यावर चर्चा झाली, कारण तांबं आता महाग आहे. आक्कांनी ते पोतेच्या बाजूला सरकवलं. बरं केलं.

पाटा-वरवंट्यावरून खरी भांडणं होतात हे मला तेव्हा कळलं. दोन्ही सुनांना तो नको आहे, घरी मिक्सर आहे. पण आक्का थोरलीला देऊन गेल्या तर धाकटी म्हणणार, मला का नाही. म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूपुढे नाव लिहिलं, आणि त्यापुढे का ते लिहिलं. "पाटा थोरल्या सूनबाईला, तिच्या हाताला चटणीची चव आहे. तिला नको असला तर वस्तीतल्या बालवाडीला द्यावा, विकू नये. हिरवी नऊवारी धाकटीला, तिच्या लग्नात मी तीच नेसले होते. तागडी लेकीला, तिने माझ्यासंगं ऊन काढलंय." वस्तू अशी ओळखू येईल अशी लिहायची. 'माझी चांगली साडी' असं लिहिलं की प्रत्येकीची चांगली साडी वेगळी निघते. आणि ज्याला देणार त्याला ती हवी आहे का, हे जमलं तर आधीच विचारायचं. आक्कांनी नातवाला फोटोबद्दल विचारलं तर तो म्हणाला, मोबाईलवर काढून घेतो, मूळ फोटो आत्याकडेच राहू दे. एक प्रश्न मिटला.

दुसऱ्या दुपारी अंत्यविधी. आक्कांना विधी हवे होते, दहाव्याला नदीवर जायला हवं होतं. पण दोन गोष्टी त्यांना नको होत्या. एक, तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज. नवऱ्याच्या वेळेचं कर्ज त्यांनी पाच वर्षं फेडलं होतं. "पन्नास माणसं, वरण-भात-शिरा, बास," असं आकड्यासकट लिहून घेतलं. कारण "साधं करा" म्हटलं की भाऊबंदकी आपापला अर्थ लावते. या खर्चाला पैसे लागणार ते कुठले, हेही लिहिलं. आक्कांच्या एकटीच्या खात्यातले पैसे त्यांच्यामागे लगेच कोणाला काढता आले नसते, कागदपत्रं होईपर्यंत वेळ जातो. म्हणून पंधरा हजार वेगळे काढून मुलीबरोबरच्या संयुक्त खात्यात ठेवले, दोघींपैकी कोणालाही काढता येतील असं, आणि ते कशासाठी आहेत ते पत्रात लिहिलं. नाहीतर उद्या भाऊ म्हणतील, आईचे पंधरा हजार हिने दाबले.

दुसरी गोष्ट सांगायला त्यांना वेळ लागला. मुलीने खांदा द्यावा. मुलगे देतीलच, पण तिने पण. "टाकलेली म्हणून तिला मागं उभी करत्यात," म्हणाल्या. हे नुसतं लिहून भागलं नसतं. आम्ही थोरल्या मुलाला बोलावलं आणि आक्कांनी त्याला तोंडावर सांगितलं. तो आधी चिडला, मरणाच्या गोष्टी काय करता म्हणाला. मग म्हणाला, "ठीक आहे, पुढून माझ्या शेजारी राहू दे." तेही त्याच्यासमोरच पत्रात घातलं. तो कागद आता त्याच्या आईचा जेवढा, तेवढा त्याचाही झाला. ताईंच्या भावाला जर कोणी असं आधी बसवून सांगितलं असतं तर, असं मला तेव्हा वाटून गेलं.

तिसऱ्या दुपारी निरोप. इथे मी तुम्हाला सावध करते, कारण निरोप लिहिताना आपण वाहवत जातो. आक्कांनी धाकट्या मुलाबद्दल जे सांगितलं ते मी सगळं लिहून घेतलं. दारू, मार, चोरलेले पैसे, दोन पानं भरली. मग वाचून दाखवलं. आक्का गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हे त्यानं मी मेल्यावर वाचायचं? मग त्यानं कोणाला उत्तर द्यायचं?" ती दोन पानं आम्ही चुलीत घातली. राहिलं ते असं: "तुझ्यावर मी रागावले, पण तुझ्या लेकरांवर नाही. त्यांची शाळा सोडवू नको." बाकीचं आक्का त्याला तोंडावर बोलल्या, महिनाभराने. काय बोलल्या मला माहीत नाही.

याला एक व्यवहाराची बाजूही आहे. मृत्युपत्राने एखाद्याला कमी दिलं असेल आणि पत्रात त्याच्यावर राग काढला असेल, तर तो कोर्टात जाऊन म्हणू शकतो की बाईंचं मन ठिकाणावर नव्हतं, किंवा कोणीतरी कान भरले होते, आणि पुरावा म्हणून तुमचंच पत्र दाखवील. तसंच पत्रात "तुला खरं तर जास्त द्यायला हवं होतं" असंही लिहू नये. मृत्युपत्र एक बोलतं आणि पत्र दुसरं, असं झालं की दोन्ही कमजोर होतात. का दिलं ते सांगायचं असेल तर एका ओळीत, शांतपणे. आणि निरोप प्रत्येकाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावा. अंत्यविधीचं पान सगळ्यांदेखत वाचायचं असतं, निरोपाचं नसतं. एका घरात ते सगळं एकत्रच वाचलं गेलं. थोरलीला दोन पानं आणि धाकटीला चार ओळी होत्या. त्या दोघी बहिणी अजून बोलत नाहीत.

आता कागद. घरातल्या बायकांपेक्षा हे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना जास्त लागू आहे. ताईंच्या रद्दीत गेलेल्या वह्यांबद्दल आपल्याला वाईट वाटतं की चळवळीचा इतिहास गेला. पण मला रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. त्या वह्यांमध्ये आपल्याकडे आलेल्या बायकांची नावं होती, पत्ते होते, कोणाला कोणी मारलं, कोणाचा गर्भपात कुठे झाला, सगळं होतं. रद्दीवाल्याकडे. आपल्यातल्या किती जणींच्या घरी अशा वह्या आहेत? आणि आता वह्या कमी आणि फोन जास्त झाले. फोनमध्ये फोटो आहेत, मारहाणीचे फोटो, पोरींचे मेसेज. तो फोन आपल्यामागे नवऱ्याच्या, भावाच्या, पुतण्याच्या हातात जाणार. म्हणून माझ्या पत्रात मी लिहिलंय: कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या केसच्या फायली न उघडता केंद्रात द्याव्यात. माझ्या स्वतःच्या वह्या अमुक मैत्रिणीला द्याव्यात, काय ठेवायचं आणि काय जाळायचं ते तिने ठरवावं. फोन तिलाच द्यावा. तिला विचारूनच लिहिलंय. ती म्हणाली, "तुझं अक्षर मला लागत नाही, पण घेईन."

पत्र ठेवायचं कुठे, हे विचाराल. लॉकरमध्ये नाही हे तर झालंच. माझी एक प्रत रेशनकार्डाच्या डब्यात आहे, घरातल्या प्रत्येकाला तो डबा माहीत आहे. दुसरी त्या मैत्रिणीकडे. तिलाच मी मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलंय, त्यामुळे दोन कागदांची दोन तोंडं होणार नाहीत. पहिलं पान फक्त पहिल्या दिवसाचं आहे. कोणाला आधी फोन करायचा, नेत्रपेढीचा नंबर, डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला कोणी घ्यायचा, काय करायचं, काय करायचं नाही. मोठ्या अक्षरात, एका बाजूला. रडणाऱ्या माणसाला दुसरं पान उलटायला होत नाही.

ज्या एकट्या राहतात, ज्यांचा घटस्फोट कागदावर झालेला नाही, ज्या मैत्रिणीबरोबर संसार करतात, त्यांना एवढं पुरणार नाही. हॉस्पिटल देह जवळच्या नातेवाइकाच्या ताब्यात देतं, आणि कागदावर नवरा तो नवरा असतो. त्यांनी आपल्या माहेरच्यांपैकी निदान एकाला तरी आजच, हयातीत, पत्राची प्रत द्यावी आणि आपल्या मैत्रिणीची गाठ घालून द्यावी. सगळं माहेर फिरवायची गरज नाही. एक भाऊ, एक भाचा, एक चुलत बहीण पुरते, जी त्या सकाळी म्हणेल की हो, हे मला माहीत होतं.

आक्का आज इथे आल्या नाहीत, गुडघे दुखतात. गेल्या दिवाळीत त्यांनी मला पत्र बदलायला बोलावलं होतं. तागडी त्यांनी लेकीला हयातीतच देऊन टाकली. ती आता मंडईबाहेर आईच्या जागेवर बसते. ती ओळ मी खोडली, तारीख बदलली, दोन्ही जुन्या प्रती फाडल्या. मग आक्का म्हणाल्या, पन्नास माणसांचे पंचाहत्तर कर, नातवाचे मित्र वाढलेत. आणि संयुक्त खात्यात आणखी चार हजार टाकायला लेकीला पाठवलं.